दिवाळीच्या वेळा, चकलीची ऑफर आणि गूगलवरचं आमचं दुकान

डोंबिवलीत फडके रोडपासून पाच मिनिटांवर आमचं फराळाचं दुकान आहे. भाजणी, चकली, चिवडा, शंकरपाळी, आणि दिवाळीत करंज्या-अनारसे. रोजची वेळ सकाळी दहा ते दीड, संध्याकाळी साडेचार ते नऊ. सोमवार बंद. हे सगळं गूगल मॅप्सवरच्या आमच्या नोंदीत नीट भरलेलं आहे, आणि २०२४च्या दिवाळीत नेमकं तेच आम्हाला नडलं.

त्या वर्षी वसुबारस सोमवारी, २८ ऑक्टोबरला होती. दिवाळीत कसली साप्ताहिक सुट्टी, म्हणून मी चार दिवस आधीच गूगलवर छान पोस्ट टाकली : सोमवारीसुद्धा दुकान उघडं, रात्री दहापर्यंत. आम्ही उघडलं, घाणे काढले आणि वाट बघत बसलो. दुसऱ्या दिवशी ठाकुर्लीचे एक नेहमीचे काका आले आणि म्हणाले, "काल सोमवार म्हणून मोबाईलवर पाहिलं, तर लाल अक्षरात बंद. मग घेतलं दुसरीकडून." मी म्हटलं, अहो काका, पोस्ट टाकली होती की! ते म्हणाले, "पोस्ट कोण बघतं? मी उघडं आहे का तेवढं बघितलं."

ते अगदी बरोबर होतं. दुकान उघडं की बंद हे गूगल पोस्टमधून वाचतच नाही. ते फक्त वेळेच्या रकान्यातून घेतलं जातं. पोस्टमध्ये तुम्ही काहीही लिहा, रकान्यात सोमवार बंद असेल तर बंदच दिसणार. शिवाय आत्ता उघडी असलेलीच दुकानं दाखव, असं म्हणून शोधणाऱ्याला तर आपण दिसतही नाही. चूक माझीच होती, पण ती कळायला एक सोमवार गेला.

२०२५ला तर आणखी कठीण, कारण नरक चतुर्दशीच सोमवारी आली होती, २० ऑक्टोबरला. डोंबिवलीत त्या पहाटे फडके रोडवर काय असतं हे इथल्या लोकांना सांगायला नको. अभ्यंगस्नान आटोपून, नटूनथटून, गणपती मंदिरापाशी जमलेली तरुण पोरं. इतक्या गर्दीत दुकान बंद दिसणं परवडणारं नव्हतं. म्हणून दसरा झाल्यावर मी आणि माझा भाचा एका दुपारी बसलो आणि आधी कागदावर वेळा लिहिल्या.

शुक्रवार १७ वसुबारस, शनिवार १८ धनत्रयोदशी आणि रविवार १९ : सकाळी नऊ ते रात्री दहा, मधली सुट्टी नाही. सोमवार २० : पहाटे सहा ते दुपारी एक, मग चार ते नऊ. मंगळवार २१ लक्ष्मीपूजन : नऊ ते पाच, कारण संध्याकाळी दुकानातच पूजा असते. पाडवा आणि भाऊबीज, २२ आणि २३, नऊ ते दोन. मग २४ ते २६ पूर्ण बंद. सासूबाईंनी कागद हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, "लक्ष्मीपूजन वीसला की एकवीसला?"

प्रश्न रास्त होता. अमावास्या २० तारखेला दुपारनंतर लागत होती आणि २१ला संध्याकाळी संपत होती. आपल्याकडच्या पंचांगांत लक्ष्मीपूजन २१ला, पण उत्तरेकडे आणि केंद्र सरकारच्या सुट्ट्यांत दिवाळी २०ला. नोंदीत वेळा भरायला गेलो तेव्हा सणाच्या नावाखाली आपोआप सुचवलेली तारीखही २०च होती. ती पाहून 'दिवाळी'पुढे नुसतं 'बरोबर' म्हणून पुढे गेलो असतो, तर २१ तारीख रोजच्याच वेळेवर राहिली असती. म्हणून आम्ही सणाच्या नावावर गेलोच नाही, बंदच्या तीन धरून दहाही तारखा एकेक करून टाकल्या. पोस्टमध्येही तिथी, वार आणि तारीख तिन्ही एकत्र लिहिलं. आमच्या इमारतीत निम्मे लोक उत्तरेकडचे, त्यांना नुसतं 'लक्ष्मीपूजनाला पाचपर्यंत' वाचून काय बोध होणार?

वेळा भरायची जागा अशी : दुकानाच्या गूगल खात्याने लॉगिन असताना गूगलवर दुकानाचं नाव शोधायचं, `Edit profile` मध्ये `Hours` उघडायचं आणि खाली `Special hours` असतं. रोजच्या वेळेला हात लावायचा नाही. तिथे बदललं की दिवाळीनंतर परत बदलायला आठवण राहत नाही. या खास वेळा मात्र त्या तारखेपुरत्याच असतात, तारीख गेली की रोजची वेळ आपली आपण परत येते.

इथे भाच्याने एक गोची केली. मी त्याला सांगितलं होतं की शनिवारी रात्री एक तास जास्त आहे. त्याने १८ तारखेला भरलं 9:00 PM ते 10:00 PM. त्याला वाटलं, रोजच्या वेळेत ही भर पडेल. तसं होत नाही. खास वेळ भरली की त्या दिवसाची रोजची वेळ पूर्ण पुसली जाते आणि भरलेली तेवढीच राहते. म्हणजे ऐन धनत्रयोदशीला दुकान दिवसभर बंद आणि रात्री नऊला एक तास उघडं! आमच्या फोनवर ते लक्षात आलं नाही, कारण आपण आपल्या खात्यातून भरलेलं बघतो आणि खूश होतो. रविवारी, १२ तारखेला, मी सासूबाईंच्या फोनवरून दुकान शोधलं. लोकांना आठवडाभराच्याच वेळा दिसतात, त्यामुळे १८ तारीख त्या दिवशी पहिल्यांदा यादीत आली, आणि मी तिथूनच ओरडले. दुरुस्ती सोपी होती, सबंध दिवस पुन्हा भरायचा. सोमवारसारखं मध्ये बंद ठेवायचं असेल तर त्याच तारखेखाली वेळेची दुसरी ओळ वाढवता येते. त्यानंतर दिवाळी संपेपर्यंत रोज सकाळी सासूबाईंचा फोन माझ्याकडे एक मिनिट असायचा. त्यांना वाटलं, मी त्यांचे मेसेज वाचते.

वेळा झाल्यावर ऑफर. टक्क्यांची सूट आम्हाला परवडत नाही, तेल आणि तूप बघता फराळात तेवढी ओढाताण होत नाही. म्हणून ठरवलं, एक किलो भाजणीची चकली घेतली की पाव किलो शंकरपाळी फुकट, १७ ते १९ ऑक्टोबर. शंकरपाळी टिकते, आधी करून ठेवता येते, आणि लोकांनी सणाच्या आधीच खरेदी केली की सोमवारची गर्दी जरा हलकी होते.

आदल्या वर्षी मी हीच ऑफर साधी पोस्ट म्हणून टाकली होती, `Add update` मधून. तिला शेवटची तारीख नसते आणि ती सहा महिने तशीच राहते. संक्रांतीला एक ताई तिळगूळ घ्यायला आल्या आणि फोन पुढे करून चकलीवरची शंकरपाळी मागू लागल्या. दिली, काय करणार. या वेळी `Add offer` निवडलं. त्यात सुरुवातीची आणि शेवटची तारीख द्यावीच लागते, आणि मुदत संपली की ऑफर चालू पोस्टांतून निघून जाते.

शीर्षकाला जागा ५८ अक्षरांची. आपल्याला वाटतं पुष्कळ आहे, पण मराठीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं वेगळं मोजलं जातं. 'किलो' हा शब्द आपल्या लेखी दोन अक्षरं, तिथे चार. माझं पहिलं शीर्षक 'आमच्या सर्व ग्राहकांना दीपावलीनिमित्त' इथपर्यंत जाईतो निम्म्याहून जास्त जागा संपली आणि चकलीचा पत्ताच नव्हता. शेवटी ठेवलं : 'दिवाळी खास: १ किलो चकलीवर पाव किलो शंकरपाळी मोफत'. मोजून ४८. शुभेच्छा खाली मजकुरात गेल्या, आणि मजकुराच्याही पहिल्या ओळीत तारखा ठेवल्या, कारण यादीत तेवढीच ओळ दिसते, बाकीचं दाबल्यावर उघडतं.

कूपनचा रकाना ऐच्छिक असतो. आम्ही त्यात 'पणती' लिहिलं. काउंटरवर 'पणती' म्हटलं की शंकरपाळी. यातून खरं तर मला मोजायचं होतं की गूगलवरून किती जण येतात. गल्ल्याशेजारी कागद लावला आणि रेघा मारल्या. तीन दिवसांत एकतीस रेघा झाल्या. त्यातली एक खोटी, भाच्याच्या मित्राची.

ऑफर पहिल्यांदा मंजूर झाली नाही, आणि त्यालाही मीच कारण. मजकुराच्या शेवटी सवयीने दुकानाचा मोबाईल नंबर टाकला होता. पोस्टच्या मजकुरात फोन नंबर चालत नाही, त्यावरून पोस्ट नाकारली जाऊ शकते. नंबर काढून पुन्हा टाकली, गेली. पण परगावी फराळ पाठवणारे फोनच करतात, आणि ऑफरच्या प्रकारात फोनचं बटण मिळत नाही. मग त्यांच्यासाठी वेगळी साधी पोस्ट केली, सातही दिवसांच्या वेळा आणि खाली `Call now`. दोन पोस्टी झाल्या, पण प्रत्येकीचं काम एकच राहिलं. त्या वेळांच्या पोस्टला शेवटची तारीख नाही, म्हणून फ्रीजवर चिठ्ठी लावली : २४ला काढून टाकणे.

फोटोचंही असंच. व्हॉट्सॲपसाठी भाच्याने उभं पोस्टर केलं होतं, वर दिवे, खाली वेळा. इथे चित्र आडवं कापलं जातं. दिवेही गेले, वेळाही गेल्या, मधोमध फक्त 'शुभ' उरलं. मग पोस्टर सोडून दिलं आणि स्टीलच्या परातीत मांडलेल्या चकल्यांचा, खिडकीजवळच्या उजेडात, आडवा फोटो काढला. त्यावर एकही अक्षर नाही.

सोमवारी पहाटे पावणेसहाला शटर वर केलं. सहा वाजून गेल्यावर नऊवारीतल्या चार मुली आल्या. एकीच्या हातात फोन होता, त्यावर आमचं दुकान, हिरव्या अक्षरात उघडं. "काकू, इथे चहा मिळतो का?" चहा मिळत नाही, असं म्हटलं तर त्यांनी पाव किलो चिवडा घेतला आणि तो रस्त्यातच उघडला. 'पणती' कुणी म्हणालं नाही, ऑफर आदल्या रात्री दहाला संपली होती. संध्याकाळी मात्र आमच्या इमारतीतली माणसं रांगेने आली, कारण त्यांची दिवाळी आजच होती. त्यांच्या पूजेसाठीचे लाडू आम्ही मंगळवारच्या हिशेबाने केले होते, ते सोमवारीच निम्मे संपले, आणि सासूबाईंनी रात्री नऊनंतर पुन्हा बेसन भाजायला घेतलं. नोंदीतल्या वेळा वीस तारखेच्या होत्या, लाडवांचं गणित करताना मी ती तारीख विसरले होते.

२४ला चिठ्ठी बघून वेळांची पोस्ट काढली. मंगळवारी, २८ तारखेला, सासूबाईंचा फोन शेवटचा मागून घेतला. दहा ते दीड, साडेचार ते नऊ. फोन परत केला, तर त्या म्हणाल्या, "झाले का वाचून?"