सायकल स्टँडच्या कौलांवरची काठी

नववीत असताना, म्हणजे 1986-87 साली, मी शाळेच्या मैदानावर फेकलेलं पहिलं बूमरँग परत आलं नाही. ते बाणासारखं सरळ गेलं आणि सायकल स्टँडच्या कौलांवर जाऊन बसलं. शिपाईमामांनी शिडी दिली नाही, वर दोन शिव्या दिल्या. विज्ञानाचे सर मात्र व्हरांड्यात उभं राहून सगळं बघत होते. ते एवढंच म्हणाले, "लेका, तू बूमरँग नाही केलंस. शिकारीची काठी केलीस."

मला वाटलं, टोमणा मारला. पण त्यांनी खरोखरच निदान केलं होतं.

गल्लीतल्या सुतारमामांकडून सहा मिलिमीटर प्लायवुडचा तुकडा मागून घेतला होता. त्यावर चित्रातला कोन आखून करवतीने कापला आणि दोन्ही बाजूंनी काचकागद मारून गोलसर, गुळगुळीत केला. दिसायला झकास. चूक तिथेच होती. सरांनी दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन फळ्यावर पात्याचा आडवा छेद काढला. परत येणाऱ्या बूमरँगची एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर असते. विमानाच्या पंखासारखं ते पातं हवेतून गेलं की फुगीर बाजूकडे ओढलं जातं. माझी दोन्ही तोंडं सारखीच फुगीर, त्यामुळे दोन्हीकडची ओढ एकमेकींना खाऊन टाकत होती. मग ते वळणार कशाच्या जोरावर?

दुसरं बूमरँग सरांच्या देखरेखीखाली झालं. प्रत्येक पात्याची हवा कापत पुढे जाणारी कड बोथट-गोल आणि मागची पातळ करायची. हे ऐकायला सोपं वाटतं, पण फिरताना एका पात्याची पुढची कड बूमरँगच्या कोपराच्या बाहेरच्या अंगाला येते, तर दुसऱ्याची आतल्या अंगाला. मी दोन्ही बाहेरूनच घासायला घेतल्या होत्या. सरांनी वेळेवर थांबवलं नसतं, तर तेही कौलांवर गेलं असतं.

फेकायचं कसं, हाही धडाच होता. आम्ही सगळे सपाट दगड पाण्यावर मारतात तसं आडवं फेकायचो. आडवं फेकलं की ओढ वरच्या दिशेने लागते. मग ते आभाळात चढतं आणि तिथून सूर मारून जमिनीवर आपटतं. बूमरँग उभं धरायचं, फुगीर बाजू आपल्या डोक्याकडे, वरचं टोक जरासं बाहेर कललेलं, आणि सोडताना मनगटाचा झटका देऊन भरपूर गरगर द्यायची. झटका नसेल तर पुढचं काहीच घडत नाही.

आता ते वळतं कशामुळे? सरांनी फळ्यावर केलेलं गणित अजून वहीत आहे. बूमरँग सेकंदाला 20 मीटर वेगाने पुढे चाललंय आणि सेकंदाला 10 वेळा गिरकी घेतंय असं धरा. मध्यापासून 20 सेंटिमीटरवरचा पात्याचा भाग गिरकीमुळे साधारण 12.5 मीटर वेगाने फिरतो. पातं वर असताना हा वेग पुढच्या वेगात मिळतो, म्हणजे हवेच्या तुलनेत 32.5. तेच पातं खाली आलं की उलट्या दिशेने जातं आणि 7.5 उरतो. पण ओढ वेगाच्या वर्गाच्या पटीत लागते. म्हणजे वरची ओढ खालच्यापेक्षा चारपट नव्हे, जवळजवळ एकोणीसपट!

उजव्या हाताने फेकलं तर ही ओढ डावीकडे असते. वरचं टोक सतत डावीकडे ढकललं जात असेल, तर बूमरँग डावीकडे कलून पडायला हवं. मी तसं म्हणालोही. सरांनी मला खाली सायकलींपाशी नेलं. हात सोडून सायकल चालवताना अंग डावीकडे झुकवलं तर पुढचं चाक काय करतं? पडत नाही, डावीकडे वळतं. गरगरणाऱ्या वस्तूला जिथे धक्का बसतो, तिथे त्याचा परिणाम दिसत नाही. तो पाव फेरा पुढे जाऊन दिसतो. वरच्या टोकाला बसलेला धक्का समोरच्या कडेला उमटतो, आणि समोरची कड डावीकडे गेली म्हणजे बूमरँग वळलं. कललेला भोवरा न पडता मान फिरवत राहतो, तोही याच कारणाने. बूमरँगच्या बाबतीत हा धक्का क्षणभरही थांबत नाही, म्हणून ते वळतच राहतं आणि फेकणाऱ्याकडे येतं. येईपर्यंत ते हळूहळू आडवं होतं आणि शेवटी डोक्यासमोर तरंगतं. तेव्हा भाकरी थापल्यासारखं दोन तळव्यांत धरायचं. एका हाताने झेलायला गेलो की बोटं सुजायची.

आमच्यात एक तालमीत जाणारा होता. त्याला वाटलं, आपण जोर लावला की हे रंकाळ्यापर्यंत जाऊन येईल. त्याने ताकदीने फेकलं. वर्तुळ होतं तेवढंच राहिलं, फक्त बूमरँग दुप्पट तोऱ्यात परत आलं आणि पैलवान खाली बसला. सरांना याचा फार आनंद झाला. वेग वाढला की वळणंही त्याच प्रमाणात वाढतं, म्हणून घेर बदलत नाही. घेर वाढवायचा तर टोकं जड करा, म्हणाले. आम्ही दोन्ही टोकांना चार आण्याचं एकेक नाणं चिकटपट्टीने लावलं. गिरकी वळवायला जड झाली आणि वर्तुळ खरंच मोठं झालं.

इथेच मला ती काठी समजली. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांची शिकारीची काठी परत येणाऱ्या बूमरँगपेक्षा लांब, जड आणि कमी वाकलेली असते. वजन जास्त, ओढ बेताची, म्हणून तिचं वळण जाणवत नाही. ती आडवी गरगरत जमिनीलगत दूरवर सरळ जाते. कांगारूच्या पायावर नेम धरायचा असेल तर हेच हवं. वळणाऱ्या वस्तूने कोण नेम धरणार? शिवाय परत येणारं बूमरँग हलकं असतं, आणि काही लागलं की तेही तिथेच पडतं. शिकार मारून हातात परत येणारं हत्यार फक्त गोष्टीतलं. परत येणारं तिकडे खेळायला आणि काही भागांत पक्ष्यांच्या थव्यावरून फेकून त्यांना जाळ्याकडे हाकलायला वापरत. ते डोक्यावरून गेलं की पक्ष्यांना ससाणा वाटतो. आपल्याकडे तमिळनाडूत वळरी नावाचं फेकायचं हत्यार होतं.

एक डावखुरा मित्र महिनाभर रडकुंडीला आला होता. आमचं बूमरँग त्याच्या हातून उलटं फिरायचं, म्हणजे पातळ कड पुढे. त्याच्यासाठी आरशातल्या प्रतिमेसारखं वेगळं करावं लागलं. जूनच्या पहिल्या पावसात माझं प्लायवुड पिळलं आणि परत यायचं बंद झालं. तव्यावर शेकून सरळ करताना आईने बघितलं, मग तेही बंद झालं.

वर्गात सरांनी एकदा ठासून सांगितलं होतं, की वळायला गुरुत्वाकर्षण लागत नाही, हवा लागते. आम्हाला ते पटलं नव्हतं. मार्च 2008 मध्ये जपानी अंतराळवीर ताकाओ दोई यांनी अंतराळ स्थानकात कागदी बूमरँग फेकलं आणि ते परत आलं. ती बातमी वाचून मी सरांना फोन केला. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती.

"आलं ना?" ते म्हणाले. "आणि ती कौलांवरची काठी काढलीस का रे?"