दिवसभर खुर्ची, तासभर चटई

«आमच्या योगवर्गाला येणारे बहुतेक जण दिवसभर टेबलाशी बसून काम करणारे आहेत आणि पाठ आखडल्याची तक्रार घेऊनच येतात. त्यांच्यासाठी एक टॅगलाइन हवी आहे, पण ‘बरे करतो’ असा दावा करायचा नाही. मग ओळीत उरतं तरी काय?»

माणूस उरतो, त्याचा दिवस उरतो आणि वर्गात प्रत्यक्ष होणारी हालचाल उरते. चार-पाच शब्दांच्या ओळीला एवढे भांडवल पुरेसे आहे. जाहिरातींचा मजकूर लिहिण्याच्या कामात योगवर्ग चालवणाऱ्यांशी माझी नेहमी गाठ पडते आणि त्यातल्या बहुतेकांची समजूत अशी असते की दावा हा एखाद्या शब्दात असतो, तो शब्द काढला आणि जागी जरा मऊ शब्द बसवला की काम झाले. तसे होत नाही. का होत नाही, हे एका वर्गाच्या टॅगलाइनवर जे काम झाले त्यातूनच सांगते.

त्या वर्गाच्या संचालिकांनी आणलेली मूळ ओळ होती: ‘पाठदुखीला कायमचा रामराम!’ त्यांना स्वतःलाच ‘कायमचा’ खटकत होते, म्हणून त्यांनी ते काढून ‘पाठदुखीला रामराम’ केले. मग ‘पाठदुखीतून सुटका’, नंतर ‘पाठदुखीवर योगाची मात्रा’ आणि शेवटी अगदी नरम होऊन ‘पाठीला आराम’ इथवर त्या आल्या. आवाज प्रत्येक पायरीवर खाली आला, पण वाक्याचा सांगाडा बदललाच नाही: एका बाजूला दुखणे, दुसऱ्या बाजूला वर्ग आणि मधे वर्गाने त्या दुखण्याचे काहीतरी करणे. हा सांगाडा औषधाच्या जाहिरातीचा आहे. वाचणाऱ्याला तो इतका परिचित असतो की क्रियापद गाळले तरी ते तो स्वतः भरून घेतो. ‘पाठ दुखतेय? योग करा.’ या ओळीत बरे होण्याचा उल्लेख कुठेही नाही, तरीही तिचा अर्थ एकच निघतो. जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थाही सुटा शब्द पाहून थांबत नाहीत. सगळी जाहिरात पाहून सामान्य माणसाची काय समजूत होईल, यावर त्या दावा ठरवतात.

‘आराम’ का नको, हा प्रश्न संचालिकाबाईंनी विचारलाच. अनेकांना आराम वाटतो, हे तर त्या रोज पाहत होत्या. पण एखाद्याला वाटणे आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगणे, यांत अंतर आहे. विशिष्ट कारण सापडत नाही अशा जुनाट कंबरदुखीवर योगाचा काय परिणाम होतो, याचा आढावा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधने एकत्र तपासणाऱ्या संस्थेने 2022 मध्ये अद्ययावत केला. काहीच व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत योग करणाऱ्यांची हालचाल आणि वेदना यांत सुधारणा दिसली खरी, पण ती लहान, रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाची म्हणता येईल त्या पातळीच्या खालची होती. पाठीसाठीच्या इतर व्यायामांशी तुलना केली, तर रोजच्या हालचालींच्या बाबतीत बहुधा फारसा फरक नव्हता. आणि योग करणाऱ्यांपैकी काहींची पाठ उलट जास्त दुखली. इतक्या बेताच्या आधारावर ‘सुटका’ तर राहोच, ‘आराम’सुद्धा छातीठोकपणे लिहिता येत नाही.

त्याहून मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. दुखणे थांबवण्याचे आश्वासन देणारी ओळ नेमक्या त्या माणसांना ओढून आणते ज्यांनी वर्गाऐवजी आधी डॉक्टरांकडे जायला हवे: कंबरेतून पायात कळ जाते, पायाला मुंग्या येतात किंवा पाय बधिर पडतो असे, पडल्यानंतर पाठ दुखू लागलेले, दुखण्यासोबत ताप असलेले, लघवीवरचा ताबा सुटू लागलेले तर तातडीने. असा माणूस ‘पाठदुखीला रामराम’ वाचून पहिल्या दिवशी पुढे वाकायला उभा राहिला, तर शिक्षकाची परीक्षा होते आणि त्या माणसाचा मोलाचा वेळ जातो. टॅगलाइन कोणाला बोलावते यावर वर्गात कोण येते हे ठरते, म्हणून ती जपून लिहायची. कायद्याची भीती त्यानंतर.

तेव्हा सांगाडा मोडायचा आणि दुखणे ओळीतून बाहेर काढायचे. पण पाठ तर ठेवायची आहे, कारण लोक पाठीमुळेच येतात. इथे मराठी आपल्याला चांगली साथ देते. ‘पाठ धरली’, ‘उसण भरली’, ‘चमक निघाली’ हे सगळे दुखण्याचे प्रकार आहेत. ते डॉक्टरांच्या वाट्याचे, आपल्या ओळीत नकोत. ‘बसून बसून अवघडलो’ हे मात्र कोणी दुखणे म्हणून सांगत नाही. लांबच्या प्रवासातून उतरलेला धडधाकट माणूसही तेच म्हणतो. टेबलाशी बसणाऱ्याची रोजची अवस्था या शब्दात बरोबर सापडते. ‘ताठ पाठ’ मात्र कटाक्षाने टाळा. घट्ट झालेल्या पाठीसाठी तो शब्द कागदावर ठीक दिसतो, पण ‘ताठ बस’ हे लहानपणापासून ऐकलेल्या वाचकाला ताठ पाठ ही चांगली गोष्ट वाटते, आणि ‘ताठ पाठ घेऊन या’ वाचून तो बुचकळ्यात पडेल.

दुसरी अडचण ‘साठी’ची. ‘पाठदुखीसाठी योग’ आणि ‘बसून काम करणाऱ्यांसाठी योग’ या दोन ओळींची बांधणी एकच आहे, पण दुखण्यामागे ‘साठी’ लागले की ते ‘खोकल्यासाठी औषध’ या जातीचे वाक्य होते आणि माणसामागे लागले की फक्त वर्ग कोणाचा ते कळते. म्हणून ‘साठी’ नेहमी माणसाला जोडावे. ‘अवघडलेल्या पाठीसाठी’ हे दोन्हींच्या मधे पडते. मी ते मुख्य ओळीत घेत नाही.

हे सगळे गाळल्यावर संचालिकाबाईंना मी वर्गाविषयी साधी माहिती विचारली. वर्ग किती वेळाचा असतो, लोक कामाआधी येतात की नंतर, चटईवर काय काय करून घेता. उत्तरे अशी आली: वर्ग एक तासाचा, बहुतेक जण काम संपवून येतात, सुरुवातीला मान आणि खांदे, मग मार्जारासनात पाठ वर-खाली करणे, उभ्याने बाजूला वाकणे, बसून कंबरेतून वळणे, एक पाय पुढे टाकून मांडीचा वरचा भाग ताणणे आणि शेवटी शवासन. यातली एकही गोष्ट सिद्ध करायला संशोधन लागत नाही. जो वर्गाला येईल त्याला ती होताना दिसेल. याच माहितीतून ओळ निघाली:

‘दिवसभर खुर्ची, तासभर चटई.’

खाली लहान अक्षरांत वर्णनाची ओळ: ‘बसून काम करणाऱ्यांसाठी योगवर्ग. पाठ वाकवू, वळवू, ताणू.’

मुख्य ओळीत शरीर नाही, तक्रार नाही, परिणाम नाही. फक्त दोन जागा आणि दोन वेळा शेजारी ठेवल्या आहेत, आणि बसून आंबलेल्या माणसाला त्यातला आपला दिवस ओळखू येतो. क्रियापद नसल्यामुळे कोण कोणाचे काय करते हा प्रश्नच उद्भवत नाही. पाठ आली ती दुसऱ्या ओळीत, आणि तीही हालचालींच्या कर्माच्या जागी. ‘वाकवू’, ‘वळवू’, ‘ताणू’ या कृती आहेत, त्या वर्गात खरोखर होतात. तिथे ‘मोकळी होईल’ घातले असते तर पुन्हा निकाल सांगितल्यासारखे झाले असते. ‘मोकळी करू’ चालेल का, यावर आमची बरीच चर्चा झाली. ‘पाय मोकळे करून येतो’ म्हणताना कोणी उपचाराचा विचार करत नाही, म्हणून मला ते चालण्यासारखे वाटत होते. पण पाठीच्या बाबतीत ‘मोकळी’ म्हणजे ‘दुखायची थांबलेली’ असा अर्थ काही जण घेतात, तेव्हा ते सोडले. घट्टपणाची जाणीव आणि पाठ प्रत्यक्षात किती वाकते याचे माप यांचा मेळ नेहमी बसत नाही, हेही त्या शब्दाच्या विरोधात जाते.

ही ओळ उचलून कोणीही लावावी अशी नाही. वर्ग पाऊण तासाचा असेल तर ‘तासभर’ खोटे ठरते. खुर्चीवर बसूनच आसने घेतली जात असतील तर ‘चटई’ खोटी.

ओळ निर्दोष असली तरी शेजारी काय लावले आहे, यावर तिची किंमत ठरते. कंबरेवर लाल ठिपका असलेले चित्र, मणक्यांचा सांगाडा, पांढरा कोट घातलेला शिक्षक, ‘माझी सरकलेली चकती बरी झाली’ असा एखाद्याचा अभिप्राय, किंवा वर्गाच्या नावातच ‘थेरपी’ अथवा ‘निवारण’: यांपैकी एकही असले, तर काढलेला दावा मागच्या दाराने परत येतो. अभिप्राय खरा असला तरी फरक पडत नाही, कारण तो जाहिरातीत लावणारे तुम्ही आहात. काही जण तारांकित करून खाली ‘परिणाम व्यक्तीनुसार बदलू शकतात’ असे बारीक लिहितात. मला ही पळवाट मुळीच पटत नाही. परिणामाचे आश्वासनच दिले नसेल तर तो बदलण्याची गोष्ट काढायची कशाला?

फोनवर बोलणाऱ्यालाही हे सांगून ठेवावे लागते. तिकडून हमखास प्रश्न येतो, ‘पण येऊन माझी पाठ बरी होईल ना?’ आणि समोरचा माणूस भिडेखातर ‘हो हो, नक्की’ म्हणून टाकतो. त्या वर्गात आम्ही उत्तर लिहूनच ठेवले: ‘ते आम्ही सांगू शकणार नाही. एका तासात काय काय करून घेतो ते सांगते. दुखणं जुनं असेल किंवा पायात जात असेल, तर आधी डॉक्टरांना विचारून या. आल्यावर शिक्षकांना सांगा, म्हणजे काय टाळायचं ते ते पाहतील.’

आणि छापायला देण्याआधी एक चाचणी कराच. ओळ, चित्र आणि नाव असलेला फलक योगाशी संबंध नसलेल्या माणसाला क्षणभर दाखवा, बाजूला ठेवा आणि विचारा, ‘इथे गेलात तर काय होईल?’ ‘पाठ दुखायची थांबेल’ असे उत्तर आले तर ओळ पुन्हा लिहायची. ‘कामावरून आल्यावर तासभर योग करतील’ असे आले तर छापायला हरकत नाही. आमच्या पहिल्या फलकाला पहिलेच उत्तर मिळाले होते. शोधल्यावर कळले की चित्रातल्या बाईचा हात कंबरेवर होता. चित्र बदलले, ओळ तीच राहिली.