पाठीवरचं शिबं दाखवायला आल्या, आणि कोड निघालं हातावर

गोव्यात पाऊस नीट लागला की थोड्याच दिवसांत माझ्याकडे पांढऱ्या डागांचे पेशंट वाढायला लागतात. डिचोलीसारख्या ठिकाणी हवाच अशी की अंग सुकतच नाही, कपडे ओलसर, घाम निघतोय पण वाळत नाही, आणि त्वचेवर एरवीही गुपचूप राहणारी ती बुरशी एकदम माजते. त्यामुळे "डॉक्टर, कोड तर नाही ना" हा प्रश्न जून ते सप्टेंबर मी रोज ऐकते आणि बहुतेक वेळा उत्तर "नाही, शिबं आहे" असंच असतं. पण गेल्या पावसाळ्यातली एक दुपार लिहून ठेवावीशी वाटली, कारण एकाच घरातल्या दोघींच्या अंगावर शिबं, कोड आणि भाजल्यावर राहणारे फिके असे तिन्ही प्रकारचे डाग मला एकाच वेळी बघायला मिळाले. (ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात.)

आई आणि मुलगी आल्या होत्या. मुलगी पंचविशीतली, लग्नाचं बोलणं चालू, आणि आईचा चेहरा इतका उतरलेला की आजारी तीच वाटत होती. मुलगी खुर्चीत बसायच्या आधीच आई म्हणाली, "डॉक्टर, बायच्या पाठीवर बघा हो, पसरतंय. पुढच्या महिन्यात माणसं बघायला येतात."

पाठ, खांदे, मानेच्या मागचा भाग, सगळीकडे फिकट बदामी-पांढरे ठिपके होते आणि खांद्यावर ते एकमेकांत मिसळून मोठे पट्टे झालेले. नुसतं बघून अंदाज आला होता, तरी काचेच्या स्लाइडची कड डागावर हलकेच घासली आणि पिठासारखा बारीक कोंडा निघाला. शिब्याची ही पहिली खूण, डाग नुसता बघितला तर कोंडा दिसत नाही, खरवडल्यावर येतो. कोडात असं काही होत नाही, तिथली त्वचा मऊ, धडधाकट असते, फक्त रंग गेलेला असतो. कोंडा स्लाइडवर घेऊन पोटॅशचा थेंब टाकला, थोडा वेळ थांबून मायक्रोस्कोपखाली धरला तर शेवयांच्या आखूड तुकड्यांत साबुदाणा सांडल्यासारखं चित्र. मुलीलाही डोळा लावून बघायला सांगितलं, स्वतःच्या डोळ्यांनी बुरशी दिसली की पेशंटची भीती जेवढी जाते तेवढी माझ्या बोलण्याने जात नाही.

आई मात्र मान हलवत म्हणाली, "पण मलम लावलं हो हिने महिनाभर, डाग तसेच." हे नेहमीचं. बुरशी मरते लवकर, रंग येतो सावकाश. ही बुरशी रंग बनवणाऱ्या पेशींचं काम मंदावते, पेशी मरत नाहीत, पण बुरशी गेल्यावर रंग भरून यायला काही महिने लागतात, आणि ऊन लागलं नाही तर अजून जास्त. म्हणून शिबं बरं झालं का हे रंगावरून बघायचं नाही, खरवडून बघायचं. कोंडा निघत नाही म्हणजे बुरशी गेली, डाग राहिला तरी. हिच्या पाठीवर अजून निघत होता, कारण विचारल्यावर कळलं की मलम फक्त हात पोचेल तिथपर्यंतच लागलं होतं! केटोकोनॅझोलचा शाम्पू मानेपासून कमरेपर्यंत फासून पाच मिनिटं ठेवायचा आणि मग धुवायचं, काही दिवस रोज, असं लिहून दिलं. पावसाळ्यात परत येऊ शकतं हेही सांगितलं.

इथपर्यंत रोजचंच. मी कागद पुढे केला, आईने तो घेतला, आणि माझं लक्ष तिच्या बोटांवर गेलं. नखांच्या भोवती पांढरं. मनगटावर पांढरं. ओठाच्या एका कोपऱ्यातही थोडं, पावडर लावल्यासारखं.

"काकी, हे कधीपासून?"

"ते काय नाय हो, ते काजूचं." काकी काजूच्या फॅक्टरीत बिया फोडायला जात. काजूच्या सालीत जे काळं तेल असतं ते कातडी जाळतं, फोड येतात, मग साल निघून फिकट डाग राहतो, हे या भागात कोणालाही सांगावं लागत नाही. हाताला खोबरेल किंवा राख चोळून बसल्या तरी थोडंफार लागतंच. ग्लोव्हज का घालत नाही विचारलं तर म्हणे बी सरकते, कामाला उशीर होतो, आणि पैसे किलोवर. त्यामुळे तिच्या हातावरचे डाग घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि तिने स्वतः, सगळ्यांनी काजूच्या खात्यात टाकून दिलेले.

आणि खरं सांगायचं तर काही डाग काजूचेच होते. गंमत इथेच आहे. उजव्या हाताच्या कोपराखाली तीन-चार जुन्या भाजल्याच्या जागा होत्या, फिकट पण पूर्ण पांढऱ्या नाहीत, कडा कुठे संपते ते नीट कळत नाही अशा पुसट, एकाच्या भोवती उलट काळसर रिंगण. त्वचेला इजा झाली, सूज आली, ती ओसरली आणि मागे फिका रंग राहिला, तर डाग साधारण असे दिसतात. लहान मुलांच्या गालावर पांढरट चट्टे येतात आणि आया घाबरतात, तेही याच जातीचे. ते जखमेपेक्षा मोठे होत नाहीत आणि हळूहळू भरून येतात. मनगटावरचे दोन मात्र वेगळेच होते, पांढरेशुभ्र, कडा रेघ ओढल्यासारखी, आणि त्यातल्या एका डागातले केससुद्धा पांढरे झालेले.

मी सिस्टरना पडदे ओढायला सांगितलं, दाराखालच्या फटीत टॉवेल सारला आणि वूड्स लॅम्प काढला. हा जांभळसर अतिनील दिवा, साधारण ३६५ नॅनोमीटरचा. त्वचेतला रंग हा प्रकाश शोषून घेतो, रंगच नसेल तर आतल्या थरांतून निळसर-पांढरी चमक परत येते. आधी हात पुसून घेतले, कारण क्रीम, साबण, कपड्याचे धागे असं काहीही या दिव्यात चमकतं आणि फसवतं. मुलीच्या पाठीवर धरला तर फिक्कट पिवळी झाक दिसली (शिब्यात ती प्रत्येकाला दिसतेच असं नाही, म्हणून मी दिव्यापेक्षा स्लाइडवर विश्वास ठेवते). मग काकींचा हात. कोपराखालचे काजूचे डाग अंधारात जवळजवळ दिसेनासे झाले, आणि मनगटावरचे दोन, बोटांची टोकं, ओठाचा कोपरा लखलखून उठले. एकाच हातावर. मुलगी एकदम म्हणाली, "आई, तुझा हात बघ!"

पण नुसती चमक बघून कोड म्हणून मोकळं होता येत नाही. खोल भाजलं असेल तर रंगपेशी कायमच्या मरतात आणि तो व्रणही पूर्ण पांढरा दिसू शकतो. म्हणून दोन गोष्टी बघितल्या. एक म्हणजे कातडीवरच्या बारीक रेषा, व्रणात त्या पुसल्या जातात, त्वचा ताणल्यासारखी गुळगुळीत होते, इथे त्या शाबूत होत्या. दुसरं म्हणजे जिथे काजूचं तेल पोचणंच शक्य नाही अशा जागा. काकींना पडद्यामागे घेऊन कंबर बघितली, तर परकराची नाडी जिथे रोज करकचून बांधली जाते तिथे बरोबर एक पांढरी पट्टी. त्यांना स्वतःला ती माहीत नव्हती. पायाच्या घोट्यालाही, दोन्हीकडे सारखं.

कोडाचा हा स्वभाव मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आजार चढत असतो तेव्हा जिथे घासतं, कापतं, भाजतं तिथे नवा डाग उठतो. म्हणजे मनगटावर आधी काजूचं तेल लागलं हेही खरं आणि तिथे कोड उठलं हेही खरं. "भाजल्याचा डाग आहे" हे पेशंटचं म्हणणं खोटं नसतंच, फक्त तो डाग भाजल्याच्या जागेत थांबत नाही. मोबाईलमधले चवथीचे फोटो काढायला लावले, दोन वर्षांपूर्वी माटोळी बांधताना मनगटावर वाटाण्याएवढा ठिपका दिसत होता, आता तो रुपयापेक्षा मोठा.

कापसाच्या वातीने डोळे मिटायला लावून स्पर्शही तपासला, कोपरामागची नस चाचपली. आपल्याकडे फिकट चट्टा म्हटलं की कुष्ठरोग वगळायलाच लागतो, त्यात चट्टा फिकट असतो पण असा पांढराफेक नसतो, आणि तिथे बधिरपणा असू शकतो. काकींना सगळं व्यवस्थित कळत होतं.

सांगितल्यावर काकी रडल्या नाहीत, हळूच विचारलं, "म्हणजे बायला पण होणार?" कोड लागट नाही, एका ताटात जेवलं तरी होत नाही. घरात असलं तर शक्यता थोडी वाढते, पण बहुतेकांच्या मुलांना होत नाही, हे मी दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा मुलीकडे बघून. मग दुसरंच निघालं, कोणीतरी सांगितलं म्हणून काकींनी मासे आणि सोलकढी कधीची सोडली होती आणि बावचीचं तेल लावून अंगणात उन्हात बसत होत्या. "डाग काजूचे" म्हणायचं आणि मनात भीती दुसरीच! मासे खा म्हटलं, सोलकढीही प्या, त्याने काही बिघडत नाही. बावची मात्र त्याच दिवशी बंद. त्यात सोरॅलेन असतं, उन्हात त्याने फोड येतात आणि फोड आला की वर सांगितलं तसं नव्या डागाला आमंत्रण.

थायरॉइडची तपासणी लिहिली, कोडाबरोबर तो आजार बऱ्याच जणांत सापडतो, आणि काकींचा टीएसएच खरंच वाढलेला आला. डाग पसरत होते म्हणून आठवड्यातून लागोपाठ दोनच दिवस घ्यायची स्टिरॉइडची गोळी काही महिन्यांसाठी, त्याआधी शुगर आणि बीपी बघून. ओठाजवळ आणि हाताला टॅक्रोलिमस मलम. आठवड्यातून दोनदा नॅरोबँड अतिनील लाइट, ज्यासाठी त्यांना बस बदलून जावं लागायचं आणि तेवढे खाडे पडायचे, ही या उपचाराची सगळ्यात मोठी अडचण, औषध नव्हे. नाडीच्या जागी रुंद पट्टा शिवून घ्यायला सांगितला.

बोटांबद्दल मी पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलले. परत येणारा रंग मुख्यतः केसांच्या मुळांतल्या पेशींमधून येतो, म्हणून जिथे केस नाहीत, बोटांची टोकं, ओठ, तिथे कमी येतो, आणि डागातला केसच पांढरा झाला असेल तर तिथेही आशा कमी. त्याप्रमाणेच झालं. चार महिन्यांनी कंबरेच्या पट्टीत केसांभोवती तपकिरी टिपके उगवले, घोट्यालाही थोडे, काळे केस असलेल्या मनगटावरच्या डागाची कड आत सरकली, बोटं होती तशीच. नवा डाग नाही, म्हणून गोळी बंद केली. काकींनी फॅक्टरीत बिया फोडायचं सोडून गर निवडायचं काम मागून घेतलंय, पैसे कमी मिळतात म्हणून कुरकुर चालू आहे, आणि लाइटला येतात तेव्हा पहिला प्रश्न असतो की आज लवकर सोडणार का, तीनची बस चुकते.