झोपतानाचं दूध, बाटली आणि साखर

"मुलगा पावणेदोन वर्षांचा आहे. रात्री बाटलीभर गोड दूध घेतल्याशिवाय झोपत नाही, मध्यरात्री उठून पुन्हा मागतो. साखर घातली नाही तर दूध थुंकतो. झोपायच्या आधी त्याला नेमकं काय द्यायचं?"

दूध बंद करू नका. ते अंथरुणातून स्वयंपाकघरात आणा, पेल्यातून द्या आणि त्यानंतर दात घासा. साखर मात्र जायलाच हवी, पण ती एका रात्रीत काढायला जाऊ नका, कारण मग सगळं घर रात्रभर जागतं आणि तिसऱ्या दिवशी बाटली परत येते.

लहान मुलांच्या आहाराबद्दल सल्ला देणं हे माझं काम. असा प्रश्न आला की मी आधी आईवडिलांना आदल्या दिवसाचं दूध लिहून काढायला सांगते. कधी दिलं, किती मिली, साखर किती. एका मुलाचं उदाहरण घेऊ. वय तुमच्या मुलाएवढंच. सकाळी २०० मिली, दुपारी झोपून उठल्यावर २००, संध्याकाळी २००, झोपताना २४० आणि रात्री दोनच्या सुमारास १६०. म्हणजे बरोबर एक लिटर. प्रत्येक वेळी एक चमचा साखर. आई म्हणत होती, "जेवतच नाही हो, निदान दूध तरी पोटात जातं."

आता हिशोब बघा. गाईच्या एक लिटर दुधातून साधारण साडेसहाशे कॅलरी मिळतात, पाच चमचे साखरेतून आणखी शंभर. या वयाच्या मुलाची दिवसभराची गरज साधारण हजार-अकराशे कॅलरींची. म्हणजे दोन तृतीयांशांहून जास्त भूक दुधानेच भागते. मग त्याने वरण-भात कशासाठी खायचा? रात्री जेवण नीट होत नाही, म्हणून आपण झोपताना बाटली मोठी देतो; बाटली मोठी मिळते, म्हणून दुसऱ्या दिवशी जेवण आणखी कमी होतं. मध्यरात्रीची भूक बहुतेक वेळा खरी भूक नसते, ती सवय असते. रोज रात्री दोन वाजता पोटात काही पडलं की पोट त्या वेळेला जागं व्हायला शिकतं. शिवाय एवढं पातळ पोटात गेल्यावर डायपर जड होतो आणि त्यानेही झोप मोडते.

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात ४०० ते ५०० मिली दूध पुरतं. त्यापलीकडचं दूध जेवणाची जागा खातं, आणि त्यातला मोठा तोटा लोहाचा. दुधात लोह जवळजवळ नसतं, आणि दुधातलं कॅल्शियम बाकी अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशात सहा महिने ते पाच वर्षांची सुमारे ६७ टक्के मुलं रक्तक्षय असलेली आढळली. आणि याचा झोपेशी थेट संबंध आहे. लोह कमी असलेली काही मुलं रात्रभर पाय झाडत राहतात, कुशी बदलत राहतात. आईला वाटतं याला भूक लागली, आणि पुन्हा दूध दिलं जातं.

दुधाने झोप येते का, हेही मला खूप जणी विचारतात. दुधात ट्रिप्टोफॅन नावाचं एक द्रव्य असतं आणि शरीर त्यापासून झोपेशी संबंधित रसायनं बनवतं, हे खरं. पण एका पेल्यात ते इतकं थोडं असतं की त्यावर झोप सोपवता येत नाही. मूल शांत होतं ते पोट भरल्याने, मांडीवर बसल्याने आणि रोज त्याच क्रमाने तेच घडल्याने. म्हणूनच दूध कोमट असो की साधं, फारसा फरक पडत नाही. क्रम मोडला की मात्र पडतो.

साखरेबद्दल एक गैरसमज आधी काढते. साखर खाल्ली की मुलं चेकाळतात आणि झोपत नाहीत, असं सगळीकडे म्हणतात. पण १९९५ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा साखरेमुळे मुलांच्या वागण्यात तसा फरक दिसला नाही. वाढदिवसाच्या केकनंतर मुलं धावत सुटतात ती गर्दी, गाणी आणि उशिरापर्यंतच्या जागरणाने. त्यामुळे साखर टाळा म्हणते ती या कारणाने नाही.

कारण दातांचं आहे. झोपेत लाळ कमी सुटते. जागेपणी लाळ दातांवरची आम्लं धुऊन काढते, ते काम रात्री मंदावतं. बाटली तोंडात ठेवून मूल झोपलं की गोड दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं. खालच्या दातांवर जीभ असते, म्हणून ते बरेचदा वाचतात. आज दिवसाउजेडी मुलाला मांडीवर झोपवून त्याचा वरचा ओठ हळूच उचला आणि हिरडीलगत पाहा. तिथे खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असते. या टप्प्यावर दाताच्या डॉक्टरांकडे गेलात तर कीड तिथेच थांबवता येते. रेघ पिवळी-तपकिरी झाली, दाताचा तुकडा उडाला, की काम वाढलं. रात्रभर चोखत राहिलं तर बिनसाखरेचं दूधही दातांना त्रास देतं, कारण दुधाची स्वतःची साखर असतेच. आणि साखरेऐवजी गूळ, खडीसाखर, मध किंवा खजुराचा पाक घातला तरी दातांसाठी ते सारखंच. दोन वर्षांपर्यंत वरून कुठलीही साखर घालू नये, असंच बालरोगतज्ज्ञ सांगतात.

खरोखर जागं ठेवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत. पहिली म्हणजे चहा. "दोन घोटच दिला", "बिस्कीट बुडवून दिलं" असं आजी-आजोबा प्रेमाने सांगतात, पण त्यातलं कॅफिन दहा-अकरा किलोच्या शरीराला कमी नसतं, आणि चहा लोहालाही अडवतो. चॉकलेटच्या चवीची दुधात घालायची पावडर संध्याकाळी देऊ नका. कोकोमध्येही थोडं कॅफिन आणि त्याच्या जातीचं दुसरं उत्तेजक द्रव्य असतं, आणि डब्यामागचं लेबल वाचलंत तर साखर पहिल्या दोन-तीन नावांत सापडेल. दुपारची झोप साडेचार-पाचपर्यंत लांबली तर रात्री नऊला झोप येणारच नाही, मग काहीही खायला द्या. बाबा साडेनऊला घरी येतात म्हणून तोपर्यंत टीव्हीसमोर बसवून ठेवलेलं मूल दमून चिडचिडं होतं, आणि आपण ते भुकेचं रडणं समजतो.

जायफळाचं वेगळं सांगायला हवं. बाळगुटीत सहाणेवर उगाळतात, तेच पुढे झोप येण्यासाठी दुधात घातलं जातं. जायफळाचा असर मोजता येत नाही. जास्त झालं तर ते मेंदूवर परिणाम करतं, मूल गुंगीत जातं किंवा उलट बेचैन होतं, हृदयाचे ठोके वाढतात. पावणेदोन वर्षांच्या मुलाला झोपवण्यासाठी ते वापरू नका. आजींना वाईट वाटणार नाही अशा बेताने, पण स्पष्ट सांगा.

आता खाण्याचं. जेवण आणि झोप यांत दीड तासाहून कमी अंतर असेल तर वेगळा खाऊ लागत नाही. तुमच्याकडे जेवण सातला आणि झोप नऊला असेल तर सव्वाआठच्या सुमारास थोडं काही द्या. साधं, मऊ, रोजचंच. दुधात कुस्करलेली अर्धी पोळी, साखर न घातलेली नाचणीची पेज, अर्धं केळं, मऊ भातावर तूप आणि चिमूटभर मेतकूट, उकडलेलं रताळं. शेंगदाणे, फुटाणे, अख्खे काजू-बदाम नकोत, घशात अडकतात. द्यायचेच तर बारीक कूट करून. बिस्कीट आणि खारीही मी टाळायला सांगते. पीठ दातांना चिकटतं आणि पोट तासाभरात पुन्हा रिकामं होतं. लोहाचं अन्न, म्हणजे डाळ, पालेभाजी, अंडं, मटणाचा खिमा, हे जेवणात द्या आणि दूध त्यानंतर तासाभराने, म्हणजे दोन्हींचा उपयोग होईल. डाळ-भाजीवर लिंबू पिळलंत तर लोह चांगलं अंगी लागतं.

त्या मुलाच्या घरी काय केलं ते सांगते. पहिल्या आठवड्यात बाटलीला हातच लावला नाही, फक्त साखर कमी केली. एक चमच्याचा पाऊण, तीन-चार दिवसांनी अर्धा, मग पाव. इतक्या हळू उतरलं की मुलाच्या लक्षात येत नाही. दुपारचं आणि संध्याकाळचं दूध मिळून दीडशे मिलीवर आणलं, तेही पेल्यातून, आणि संध्याकाळी सहाला उपमा किंवा डाळ-भाताचे चार घास. झोपतानाचं दूध दीडशे मिली, ओट्याजवळ बसून छोट्या स्टीलच्या पेल्यातून. पहिल्या दोन दिवशी निम्मं सांडलं. त्यानंतर ब्रश, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, मग अंथरूण, गोष्ट आणि पाठीवर हात. दात घासल्यावर पाण्याशिवाय काही नाही.

मध्यरात्रीची बाटली सगळ्यात शेवटी घेतली. दर दोन रात्रींनी वीस-तीस मिली कमी. चाळीसवर आल्यावर पेल्यातून पाणी. तीन रात्री रडला, वडिलांनी जवळ घेऊन थोपटलं. आईने जाऊ नये हे ठरवून केलं होतं, कारण आईच्या कुशीत त्याला दूधच आठवायचं. सुधारणा आधी सकाळी दिसली. तो नऊला पोहे मागू लागला, आणि शौचाला कुंथणं कमी झालं. मधे ताप किंवा प्रवास आला तर हे थांबवा, नंतर जिथे होतात तिथूनच पुढे जा.

हे सगळ्यांना लागू नाही. वजन कमी असेल, दुधाची ॲलर्जी असेल किंवा दूध हेच मुख्य अन्न असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांशी बोला. एवढं दूध बराच काळ सुरू होतं म्हणून हिमोग्लोबिन तपासून घ्या, पण लोहाचं औषध मनाने सुरू करू नका. रात्री शीची जागा खाजवत उठत असेल तर जंत असू शकतात. तोंड उघडं ठेवून घोरत असेल, झोपेत श्वास अडल्यासारखा वाटत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा आणि झोपेतला एखाद्या मिनिटाचा व्हिडिओ सोबत न्या.