तुम्ही विचारलंत म्हणून : बांग कोणासाठी?

“तुमचा अल्ला बहिरा आहे का, की दिवसातून पाच वेळा त्याला एवढ्या मोठ्याने हाक मारावी लागते? आणि त्या बांगेत म्हणतात तरी काय?”

बांग, म्हणजेच अजान, ही अल्लाला मारलेली हाक नाही. नमाजाची वेळ झाली आहे हे माणसांना कळावे म्हणून ती दिली जाते, आणि हे तिच्या शब्दांतूनच स्पष्ट होते.

सुरुवातीला ‘अल्लाहु अकबर’, म्हणजे अल्ला सर्वांत मोठा आहे, असे चार वेळा म्हणतात. येथील ‘अकबर’चा मोगल बादशहाशी संबंध नाही, हे मला आजही अधूनमधून समजावून सांगावे लागते. त्यानंतर दोन साक्षी येतात. अल्लाशिवाय कोणी पूज्य नाही अशी मी साक्ष देतो, आणि मुहम्मद हे अल्लाचे प्रेषित आहेत अशी मी साक्ष देतो. मग ‘हय्या अलस्सलाह’, नमाजाकडे या, आणि ‘हय्या अलल्फलाह’, कल्याणाकडे या. पहाटेच्या अजानेत यापुढे ‘झोपेपेक्षा नमाज उत्तम’ हे वाक्य दोनदा येते. शेवटी पुन्हा दोनदा ‘अल्लाहु अकबर’ आणि एकदा ‘ला इलाह इल्लल्लाह’ म्हणून अजान संपते. यात देवाकडे काही मागितलेले नाही. ‘या’ हे तर उघडच माणसांना उद्देशून आहे.

अजान देणाऱ्या मुअज्जिनाला कधी जवळून पाहिलेत, तर हे अधिक पटेल. तो काब्याच्या दिशेला तोंड करून उभा राहतो आणि दोन्ही तर्जनींची टोके कानांत ठेवतो. ‘नमाजाकडे या’ म्हणताना तो मान उजवीकडे वळवतो आणि ‘कल्याणाकडे या’ म्हणताना डावीकडे. छाती मात्र समोरच राहते. काब्याकडचे तोंड तो वळवतो ते माणसांना बोलावणाऱ्या नेमक्या या दोन वाक्यांना, कारण हाक दोन्ही बाजूंच्या वस्तीला पोहोचली पाहिजे.

उलट, प्रत्यक्ष नमाजात दुपारच्या जोहरला आणि त्यानंतरच्या असरला इमाम कुराणपठण मनातल्या मनात म्हणावे इतक्या हळू करतो. मागे उभ्या असलेल्यांनाही ते ऐकू येत नाही. अल्लाला ऐकू जावे म्हणून आवाज चढवावा लागत असता, तर तो या वेळीही चढवावा लागला असता.

कोकणातील मुसलमान बहुतांशी शाफई पंथाचे आहेत, आणि शाफई अजानेत एक गोष्ट अशी आहे की जी मला फार मोलाची वाटते. दोन्ही साक्षी मोठ्याने देण्यापूर्वी मुअज्जिन त्या प्रत्येकी दोनदा हलक्या आवाजात म्हणून घेतो, आणि मगच गावाला ऐकू जाईल अशा सुरात देतो. त्यामुळे हनफी अजानेत १५ वाक्ये असतात, तर शाफई अजानेत १९. साक्ष आधी स्वतःशी आणि मग चारचौघांत, असा त्याचा अर्थ मी लावतो.

ही पद्धत पडली ती मदिनेत. पैगंबर इ.स. ६२२ मध्ये तेथे आल्यावर लोकांना नमाजासाठी एकत्र कसे बोलवावे, यावर विचार सुरू झाला. शिंग आणि घंटानाद यांचीही चर्चा झाली. तेव्हा अब्दुल्लाह बिन झैद यांनी आपल्याला स्वप्नात हे शब्द ऐकू आल्याचे सांगितले. पैगंबरांनी ते शब्द बिलाल यांना शिकवण्यास सांगितले, कारण बिलाल यांचा आवाज अधिक दूर पोहोचणारा होता. बिलाल हे पूर्वी मक्केत गुलामगिरीत राहिलेले हबशी होते. मशिदीजवळच्या एका स्त्रीचे घर आसपासच्या घरांत सर्वांत उंच होते, आणि तिच्या छपरावर चढून ते पहाटेची अजान देत. स्वप्न एकाचे आणि आवाज दुसऱ्याचा, ही निवड केवळ शब्द लांबपर्यंत जावेत म्हणून झाली.

लोक मशिदीत जमल्यावर नमाज उभी राहण्याआधी इकामत होते. शब्द जवळपास तेच, फक्त ‘नमाज उभी राहिली’ एवढी भर; पण ती भरभर आणि खालच्या आवाजात म्हणतात, कारण ऐकणारे आता समोरच असतात. अजान ऐकणारा मुसलमानही प्रत्येक वाक्य पुटपुटत उच्चारतो; ‘या’ या हाकेला मात्र ‘अल्लाशिवाय कोणतेही सामर्थ्य नाही’ असे उत्तर देतो.

भोंग्याविषयी विचाराल, तर तो या विधीचा भाग नाही. बिलाल यांच्याकडे तो नव्हता, आणि त्याच्याशिवाय दिलेली अजान कोणत्याही अर्थाने अपुरी ठरत नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयानेही २०२० मध्ये मानवी आवाजातील अजान आणि ध्वनिक्षेपक यांत हाच भेद केला. रात्री दहा ते पहाटे सहा ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटेच्या नमाजाची वेळ सहाच्या बरीच आधी होते, आणि त्या वेळी मुअज्जिनाने नुसत्या गळ्याने अजान द्यावी, हेच मला योग्य वाटते.