पाच चक्रं आणि दोनच शब्द

गुरुवारी दुपारी सव्वादोनला माझा तास असतो. वेळापत्रकात दोनच लिहिलेले असतात, पण जर्मन विद्यापीठांत बरेच तास पंधरा मिनिटं उशिराने सुरू होतात आणि त्या पाव तासाला ‘आकाडेमिशेस फिअर्टल’ असं रीतसर नावही आहे. नेकार नदीकाठच्या या शहरात मी एमएस करते आणि सोबत सैद्धांतिक संगणकशास्त्राच्या विषयाची ‘टुटोर’ म्हणून काम करते. दर आठवड्याला मुलांना ‘युबुंग्सब्लाट’ म्हणजे सरावाचा कागद मिळतो. दोघं-तिघं मिळून तो सोडवतात, मी तपासते आणि गुरुवारी फळ्यावर चर्चा होते. कागदांवर ठरावीक गुण पडले नाहीत तर शेवटच्या परीक्षेलाच बसता येत नाही. त्यामुळे अर्ध्या गुणासाठीही मुलं चिकाटीने वाद घालतात, आणि मला ते आवडतं.

मागच्या गुरुवारचा वाद एका संदर्भमुक्त व्याकरणावरून झाला. घरी फोनवर दादाला सांगायला गेले आणि अर्ध्यातच बॅटरी संपली, म्हणून आता नीट लिहून काढते.

व्याकरण असं होतं:

```
S → A B | D
A → a A F | a
B → b | C
C → B | c
D → d D G
F → F f
G → g G | g
```

मोठी अक्षरं म्हणजे अजून पूर्ण न झालेले तुकडे, त्यांना आपण चलं म्हणतो. लहान अक्षरं म्हणजे पक्का माल. `S` पासून सुरुवात करायची, मोठ्या अक्षराच्या जागी त्याच्या नियमाची उजवी बाजू ठेवायची, उभी रेघ असेल तर तिने वेगळ्या केलेल्या पर्यायांपैकी कुठलाही एक, आणि सगळी अक्षरं लहान झाली की एक शब्द तयार. असे जितके शब्द निघू शकतात ती या व्याकरणाची भाषा. प्रश्न दोन होते. भाषा रिकामी आहे का? आणि नसेल तर ती सांत आहे की अनंत?

पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन या विषयात आम्ही आता सांगते त्याच पायऱ्या घोटल्या होत्या, पण व्याकरण चॉम्स्की नॉर्मल फॉर्म या ठरावीक साच्यात बसवताना करायची साफसफाई म्हणून. या साफसफाईतूनच दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतात, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

रिकामेपणासाठी खालून वर जायचं. ज्या चलाच्या एखाद्या नियमात उजवीकडे फक्त लहान अक्षरं आहेत, त्याला खूण करायची, कारण त्याच्यातून नक्की काहीतरी पूर्ण होऊन बाहेर पडतं. इथे पहिल्या फेरीत `A`, `B`, `C` आणि `G` यांना खूण होते. दुसऱ्या फेरीत असा नियम शोधायचा ज्याच्या उजव्या बाजूची सगळी मोठी अक्षरं आधीच खूण झालेली आहेत. `S → A B` तसा आहे, म्हणून `S` ला खूण. तिसऱ्या फेरीत नवीन काही सापडत नाही. `D` ला पूर्ण व्हायला आधी `D`च पूर्ण व्हायला हवा, आणि `F` चीही तीच गत. ते दोघं कितीही वेळ दिला तरी संपणार नाहीत. प्रत्येक फेरीत निदान एक नवी खूण व्हावी लागते, नाहीतर काम थांबतं, म्हणजे सात चलांना सातपेक्षा जास्त उपयोगी फेऱ्या होऊच शकत नाहीत. `S` ला खूण झाली, भाषा रिकामी नाही. पहिला प्रश्न संपला.

(बायसन हे पार्सर बनवणारं साधन वापरलं असेल तर हीच तपासणी तुम्ही पाहिली असेल. सुरुवातीच्या चिन्हाला खूण झाली नाही की ते `start symbol S does not derive any sentence` असं सांगून थांबतं.)

इथेच एका मुलाने विचारलं, की चलांचा आलेख काढून `S` पासून बाणांच्या मागे गेलं तर नाही का चालणार? मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. आलेखात `X` च्या नियमात `Y` येत असेल तर `X` पासून `Y` कडे बाण असतो. पण `A → a A F` मधून `A` कडे एक आणि `F` कडे एक असे दोन बाण निघाले की हे दोघंही एकाच वेळी पूर्ण व्हायला हवेत ही गोष्ट चित्रातून पुसली जाते. एका नियमातली चलं ‘आणि’ने जोडलेली असतात, वेगवेगळे नियम ‘किंवा’ने. बाणांना हा फरक कळत नाही. म्हणून काय पूर्ण होतं हे नियमांवरून, खालून वर ठरवायचं आणि आलेख त्यानंतरच हातात घ्यायचा.

आता पहिल्या गटाचं उत्तर. त्यांनी आधी `S` पासून कुठे कुठे पोचता येतं ते पाहिलं. `S` पासून `A`, `B`, `D`. `A` पासून `F`. `B` पासून `C`. `D` पासून `G`. सातही चलं गाठता येतात, म्हणून काहीच वगळलं नाही. मग न संपणारे `D` आणि `F`, आणि ते ज्या ज्या नियमांत आहेत ते सगळे नियम काढले. उरलं ते असं:

```
S → A B
A → a
B → b | C
C → B | c
G → g G | g
```

मग त्यांनी आलेख काढला, त्यात `G` पासून `G` कडे जाणारं चक्र दिसलं, प्रत्येक फेरीला एक `g` वाढतो हेही बरोबर ओळखलं आणि लिहिलं: अनंत.

गफलत क्रमात आहे. `G` कडे जाणारी एकमेव वाट `D` मधून होती. `D` गेला तशी ती वाटही गेली, पण पोचण्याची तपासणी आधीच उरकल्यामुळे ते कोणाच्या लक्षात आलं नाही. आधी न संपणारी चलं काढायची आणि मग उरलेल्या व्याकरणात `S` पासून कोण गाठता येतं ते पाहायचं. या क्रमाने गेलं की `G` आपोआप गळतो. उलट बाजूची भीती नाही. दुसऱ्या पायरीत जे चल टिकतं, त्याच्यापर्यंतच्या वाटेवरच्या नियमांतली शेजारची सगळी चलं आधीच पूर्ण होणारी ठरलेली असतात, त्यामुळे ते पुन्हा अडकत नाही. दोन्ही चाळण्यांतून उरलेली चलं तेवढी उपयोगी, बाकीची निरुपयोगी.

उपयोगी चलं चारच राहिली: `S`, `A`, `B`, `C`. मूळ आलेखात पाच चक्रं होती. `D`, `F` आणि `G` यांची स्वतःभोवतीची तीन चक्रं चलांसकट गेली. `A` चं चक्र मला सगळ्यात शिकवणारं वाटतं, कारण `A` उपयोगी आहे आणि तरीही त्याचं चक्र गेलं. `A → a A F` मधला `F` कधीच संपत नाही, म्हणून तो नियम कुठल्याच पूर्ण शब्दात वापरता येत नाही. राहिलं एकच चक्र, `B` पासून `C` आणि `C` पासून परत `B`.

याच चक्रावरून दुसऱ्या गटाने ‘अनंत’ लिहिलं होतं. त्यांचा क्रम बरोबर होता, मीही पहिल्यांदा घाईत बरोबरची खूण करून बसले आणि मग खोडली. `B` च्या जागी `C`, `C` च्या जागी `B` असं शंभर वेळा फिरलं तरी शब्दात एकही अक्षर वाढत नाही. पुस्तकांतला नियम ‘चक्र असेल तर अनंत’ असा असतो, पण तो चॉम्स्की नॉर्मल फॉर्ममधल्या व्याकरणासाठी. तिथे नियमाच्या उजवीकडे दोन चलं किंवा एकच लहान अक्षर असतं, म्हणून प्रत्येक बाणाबरोबर एक शेजारी असतो आणि तो निदान एक अक्षर देतोच. नुसती साफसफाई केलेल्या व्याकरणात ही हमी नाही.

म्हणून मी फळ्यावर बाणांना दोन रंग दिले. `X` च्या नियमात `Y` सोडून जे काही आहे त्यातून निदान एक अक्षर निघू शकत असेल तर बाण लाल, नाहीतर पांढरा. उपयोगी चलांच्या आलेखात एखाद्या चक्रावर एक जरी लाल बाण असेल तर भाषा अनंत. त्या चलापर्यंत पोचता येतं, फेरी मारून शब्द लांबवता येतो आणि हवं तेव्हा थांबून शब्द पूर्णही करता येतो. असं चक्र नसेल तर भाषा सांत. कारण शब्द कसा बनला ते दाखवणाऱ्या रचनेत एखादं चल स्वतःच्याच खाली पुन्हा आलं, तर मधल्या फेरीने काहीही वाढवलेलं नसतं. ती फेरी कापून टाकली तरी तोच शब्द मिळतो, आणि जिथे वाटेत कुठलंच चल दुसऱ्यांदा येत नाही अशा रचना मोजक्याच असतात. आपल्या व्याकरणात `B` आणि `C` मधले दोन्ही बाण पांढरे. भाषेत शब्द दोनच: `ab` आणि `ac`.

मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सरळ शब्द काढत बसू. थांबले तर सांत, थांबेनात तर अनंत.” मी तिला म्हटलं, एकवीस चलं घे. पहिल्याचा नियम ‘दुसरं दोनदा’, दुसऱ्याचा ‘तिसरं दोनदा’, असं विसाव्यापर्यंत, आणि एकविसाव्याचा नियम नुसता `a`. चक्र एकही नाही, शब्द एकच, पण त्याची लांबी 2²⁰, म्हणजे 10,48,576 अक्षरं. शब्द लिहीत बसलीस तर तो संपणार की नाही हे कळायच्या आधी तुझा खडू संपेल. आलेखावर मात्र चक्र नाही हे वीस बाण-जोड्या पाहून कळतं. ती थोडा वेळ बोर्डाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे लांब आणि अनंत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.” मी मान डोलावली.

मोठ्या व्याकरणासाठी खुणा करायची एक नेटकी पद्धत आहे. प्रत्येक नियमाजवळ उजव्या बाजूला खूण व्हायची राहिलेली किती चलं आहेत तो आकडा ठेवायचा. चलाला खूण झाली की ते जिथे जिथे येतं तिथला आकडा एकाने कमी करायचा, आणि शून्य झाला की डाव्या बाजूला खूण. प्रत्येक जागेला एकदाच हात लागतो, त्यामुळे काम व्याकरणाच्या लांबीच्या प्रमाणातच वाढतं. चक्रं शोधायला संगणकशास्त्रज्ञ रॉबर्ट टार्जन यांची 1972 सालची पद्धतही तेवढ्याच वेळात होते.

हे प्रश्न सुटतात हे 1961 साली यहोशुआ बार-हिलेल, मिखा पेरलेस आणि एली शमीर यांच्या निबंधात आलं. दोन संदर्भमुक्त भाषांत एखादा तरी समान शब्द आहे का, हे मात्र कुठल्याच पद्धतीने सर्वसाधारणपणे ठरवता येत नाही. एकेकट्या भाषेचं रिकामेपण एवढं सहज सापडतं आणि दोघींच्या छेदाचं सापडत नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

तास संपल्यावर इथे मुलं टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. टकटक थांबल्यावर पहिल्या गटातला एक जण पुढे आला. त्याने `C → B` पुसून `C → B H` लिहिलं, खाली `H → ε`, म्हणजे `H` मधून काहीच निघत नाही, आणि विचारलं, “आता?” शेजारी आहे, पण रिकामा, म्हणून बाण पांढराच, असं त्याने स्वतःच उत्तर दिलं. मग मी `H` च्या ओळीत `| h` एवढंच वाढवलं. त्याने लाल खडू उचलला.