हिमोग्लोबिन ११.३, बाकी सगळं नॉर्मल

सातपूरला आमच्या कंपनीत रक्तदान शिबिर होतं. बोटाला सुई टोचून ताईंनी रक्ताचा थेंब निळ्या मोरचुदाच्या पाण्यात सोडला. हिमोग्लोबिन १२.५ च्या वर असेल तर थेंब पंधरा सेकंदांच्या आत तळाशी जातो. माझा थोडा खाली गेला, थांबला आणि वर येऊन तरंगत राहिला. "या वेळी नको, आधी सीबीसी करून घे," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट हातात आला. हिमोग्लोबिन ११.३, ठळक अक्षरात. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, बाकी कशावरच खूण नव्हती. गरोदर नसलेल्या बाईसाठी १२ ही खालची मर्यादा धरतात आणि ११ ते ११.९ ला सौम्य ॲनिमिया म्हणतात, म्हणजे माझा आकडा सौम्यच होता. आई म्हणाली, "पाव-अर्ध्याचा तर फरक आहे, बीट खा." मलाही तसंच वाटलं. मी २६ वर्षांची, थोडा थकवा यायचा, पण तो शिफ्टचा म्हणून सोडून द्यायचे.

तरी गंगापूर रोडच्या आमच्या डॉक्टर मॅडमना रिपोर्ट दाखवला. त्यांनी हिमोग्लोबिनवरून बोट सरळ एमसीव्हीवर नेलं. एमसीव्ही म्हणजे एका लाल पेशीचं सरासरी आकारमान. माझं ८३.५ होतं आणि ८० ते १०० नॉर्मल. मी म्हटलं, "मग लोह कमी नसणार ना? लोह कमी असलं की पेशी लहान होतात, असं वाचलंय."

"होतात, पण शेवटी," त्या म्हणाल्या. आधी शरीरातला लोहाचा साठा संपतो, मग हिमोग्लोबिन उतरायला लागतं आणि पेशी लहान दिसतात त्यानंतर. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. त्यामुळे लोह भरपूर असताना तयार झालेल्या जुन्या मोठ्या पेशी अजून रक्तात फिरत असतात आणि सरासरी सावरून धरतात.

मग त्यांनी विचारलं, "जुना रिपोर्ट आहे का?" कंपनीत लागताना केलेला, दोन वर्षांपूर्वीचा, मोबाईलमध्ये होता. त्यात हिमोग्लोबिन १२.७, एमसीव्ही ८९ आणि आरडीडब्ल्यू १२.६. आरडीडब्ल्यू म्हणजे पेशींच्या आकारात किती फरक आहे ते. आता तो १४.२ झाला होता आणि लॅबची वरची मर्यादा १४.५. हिमोग्लोबिन सोडलं तर एकही आकडा रेषेबाहेर गेला नव्हता, पण पेशी लहान होत चालल्या होत्या आणि त्यांच्यात लहान-मोठेपणाही वाढत होता. दोन कागद शेजारी ठेवले नसते तर मला हे कधीच दिसलं नसतं.

पेशी लहान होण्याचं दुसरं कारण म्हणजे थॅलेसेमिया मायनर हा आनुवंशिक दोष, पण त्याची शक्यता त्यांना कमी वाटली. त्यात एमसीव्ही बहुधा बरंच खाली असतं आणि लाल पेशींची संख्या उलट जास्त. माझी संख्या ४.१२ होती, म्हणजे साधारणच.

मग पाळीचं विचारलं. सात दिवस, पहिले दोन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं. मी हे कुणाला सांगितलंच नव्हतं. आईचंही असंच, म्हणून घरात ते नेहमीचं. मॅडमनी ते रिपोर्टच्या मागे लिहून घेतलं.

त्यांनी फेरिटिन करायला सांगितलं. साठ्याचा अंदाज त्यावरून येतो आणि सीबीसीत ते नसतं, वेगळं करावं लागतं. ताप किंवा सूज असताना करू नकोस, तेव्हा ते खोटं वाढलेलं दिसतं, हेही बजावलं. माझं आलं ९. १५ च्या खाली म्हणजे साठा जवळपास रिकामा. ते चांगलं आलं असतं तर बी-१२, थायरॉईड, किडनी असा शोध पुढे गेला असता.

लोहाची गोळी एक दिवसाआड, रिकाम्या पोटी, लिंबूपाण्यासोबत. चहा गोळीपासून दोन तास लांब. हे सगळ्यात जड गेलं, कारण डबा झाला की कॅन्टीनचा चहा ठरलेला. पहिल्या आठवड्यात शौचाला काळी झाली तेव्हा घाबरून फोन केला; ते गोळीमुळेच होतं. पाळीच्या रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही पाठवलं, कारण गळती चालू राहिली तर गोळ्या थांबल्यावर साठा पुन्हा रिकामा होणार.

महिन्याने हिमोग्लोबिन १२.४ आलं. मला वाटलं, झालं. मॅडम म्हणाल्या, "आत्ता फक्त रक्त भरलंय, साठा बाकी आहे," आणि पुढचे तीन महिने गोळ्या लिहून दिल्या. फेरिटिन त्यानंतर पुन्हा करायचंय. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीय, आणि तिच्याखाली आईच्या सीबीसीचीही.